डब्यातला इलेक्ट्रॉन: रंगद्रव्याला शंभर नॅनोमीटर कमी आणि गाजराला आठशे जास्त, असं का?

ऋता_बडोदे

नमस्कार मंडळी. मी इथे बडोद्यातच एम.एस्सी. करते, फिजिकल केमिस्ट्री. सध्या सायनाइन रंगद्रव्यांचं प्रॅक्टिकल चालू आहे आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

तीन डाय मिथेनॉलमध्ये विरघळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजले. तिघांच्या दोन्ही टोकांना बेन्झोथायाझोलची कडी आहे, फरक आहे तो मधल्या साखळीत. एका नायट्रोजनपासून दुसऱ्यापर्यंत पहिल्यात ३ कार्बन आहेत (थायासायनाइन), दुसऱ्यात ५ (थायाकार्बोसायनाइन) आणि तिसऱ्यात ७ (थायाडायकार्बोसायनाइन). शोषणाची शिखरं मिळाली ४२३, ५५६ आणि ६५२ नॅनोमीटरला. पुस्तकातल्या आकड्यांशी जुळतात, म्हणजे मोजण्यात काही गडबड नाही.

आता गणित. इलेक्ट्रॉन एकमितीय डब्यात आहे असं धरायचं. प्रत्येक पातळीत दोन, असे N इलेक्ट्रॉन खालून भरायचे आणि शेवटच्या भरलेल्या पातळीवरून पहिल्या रिकाम्या पातळीवर उडी:

```
E(n) = n² h² / (8 m L²)
λ = 8 m c L² / (h (N + 1))
```

मधला डाय घेते. ५ कार्बन, म्हणजे दोन नायट्रोजनमध्ये ६ बंध. दोन्ही टोकांना एकेक बंध जास्त धरायला सांगितलंय, एकूण ८. बंधाची लांबी ०.१३९ नॅनोमीटर, म्हणून L = १.११२ नॅनोमीटर. N = ८. उत्तर येतं ४५३ नॅनोमीटर, मोजलेलं आहे ५५६. बाकी दोघांचं तेच: ४२३ च्या जागी ३२८ आणि ६५२ च्या जागी ५७९. तिन्ही उत्तरं कमीच.

मग घरी बसून बीटा-कॅरोटिनचं गणित केलं. ११ दुहेरी बंध, N = २२. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २१ बंध, सरासरी ०.१४० नॅनोमीटरचे, L = २.९४. उत्तर १२३९ नॅनोमीटर! खरं शोषण ४५० च्या आसपास. या हिशोबाने गाजर इन्फ्रारेडमध्ये शोषेल आणि आपल्याला रंगच दिसणार नाही.

सर म्हणाले, मॉडेल ढोबळ आहे. ते मान्य. पण ढोबळ असेल तर चूक एकाच बाजूला व्हायला नको का? डायला कमी आणि गाजराला जास्त, हे कसं?

---

निमिष_अलकापुरी

ऋता, सोपं आहे. तुझा डबा आखूड पडतोय. इलेक्ट्रॉन नायट्रोजनपाशी डोकं आपटून परत फिरत नाही, तो पुढच्या बेन्झीनच्या कड्यातही थोडा शिरतो. म्हणून लांबीत एक α मिळवायचा, बंधांच्या मापात. सगळे स्थिरांक एकत्र केले की सूत्र असं होतं, p म्हणजे साखळीतले कार्बन:

```
λ (nm) = 63.7 (p + 3 + α)² / (p + 4)
```

α = ०.८ घाल. ४२१, ५४८, ६७५ येतात. तुझे आकडे ४२३, ५५६, ६५२. एका आकड्याने तिन्ही डाय जागेवर आले.

गाजराला α उणे घे. तिथे टोकाला मिथाइल लावलेली कडी आहेत, ती इलेक्ट्रॉनला आत ढकलत असतील. प्रश्न मिटला.

---

चिन्मयी_फतेगंज

मला वाटतं N चुकलाय. ५ कार्बनच्या डायमध्ये दोन नायट्रोजनच्या दरम्यान दुहेरी बंध तीनच आहेत. तीन गुणिले दोन, ६ इलेक्ट्रॉन. N = ६ घातलं तर α वगैरे न लावता ५८२ येतं, ते ५५६ च्या कितीतरी जवळ आहे. ३ कार्बनला ४५९ आणि ७ कार्बनला ७०८. तुझ्या उत्तरांपेक्षा तिन्ही बरी.

---

रंगारी_मांडवी

माझा साड्या रंगवायचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. आमचे आजोबा कलाभवनात रंगकाम शिकले होते, तिथे सयाजीराव महाराजांच्या काळापासून म्हणजे १८९० पासून हे शिकवत. म्हणून धागा उघडला. ५५६ नॅनोमीटर म्हणजे हिरवा ना? मग हा डाय हिरवा दिसतो का? आणि सुतावर चढेल का? हिरवा पक्का मिळणं आमच्याकडे नेहमीची कटकट आहे.

---

ऋता_बडोदे

काका, ५५६ हा तो *खातो* तो प्रकाश आहे. पिवळसर हिरवा त्याने खाल्ला की उरलेला आपल्याला दिसतो, म्हणून मधला डाय गुलाबी-जांभळा दिसतो. ४२३ वाला जांभळा खातो आणि पिवळा दिसतो, ६५२ वाला तांबडा खातो आणि निळा दिसतो. तिन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की फार सुरेख दिसतात. पण साडीला नको, उन्हात भराभर उडतात. यांचा मोठा उपयोग फोटोच्या फिल्मला हिरव्या-तांबड्या प्रकाशाची जाण आणण्यासाठी झाला.

चिन्मयी, N बद्दल मीही अडखळले होते, पण दुसऱ्या नायट्रोजनवरची एकाकी जोडी सोडून कशी चालेल?

---

जुनी_काच

मी बरीच वर्षं स्पेक्ट्रोस्कोपी केली आहे, आता निवृत्त. ऋताचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण चुकीची दिशा बघणारे विद्यार्थी कमी भेटतात. सावकाश लिहितो.

आधी चिन्मयी. तुझं उत्तर जवळ येतं हे खरं आहे, आणि म्हणूनच ते फसवं आहे. या धन आयनाची चित्रं दोन काढता येतात. एकात डावा नायट्रोजन धन आणि उजव्यावर एकाकी जोडी, दुसऱ्यात बरोबर उलट. प्रत्यक्षात रेणू या दोन्हींच्या मधोमध असतो आणि दोन्ही नायट्रोजन अगदी सारखे असतात. एका चित्रात जी जोडी 'एकाकी' आहे तीच दुसऱ्या चित्रात दुहेरी बंधात गेलेली असते. ती डब्याबाहेर ठेवली तर दोन नायट्रोजनमध्ये भेद केल्यासारखं होईल. तेव्हा कार्बनचे ५ आणि दोन नायट्रोजनचे मिळून ३, N = ८ च. तू ६ घेतलेस तेव्हा डबा आखूड असण्याची चूक आणि इलेक्ट्रॉन कमी धरण्याची चूक एकमेकींना कापून गेल्या.

आता गाजर. ऋता, तू डायला दोन्ही टोकांना एकेक बंध जास्त दिलास आणि कॅरोटिनला दिला नाहीस. दोघांना एकच नियम लावून बघ. कॅरोटिनला २३ बंध, L = ३.२२, आणि उत्तर १४८६ नॅनोमीटर. आणखी बिघडलं! म्हणजे दोष टोकांचा नाही. निमिषच्या उणे α ने ४५० आणायचं तर डबा १.७७ नॅनोमीटरचा करावा लागतो. रेणूची साखळी आहे २.९४ ची. जवळजवळ चाळीस टक्के साखळीत इलेक्ट्रॉन जातच नाही असं म्हणावं लागेल, आणि मिथाइलच्या अंगात एवढी ताकद नाही.

खरी भानगड डब्याच्या तळाची आहे. आपलं सूत्र तळ सपाट धरतं. सायनाइनमध्ये तो बऱ्यापैकी सपाट असतोही. वर सांगितलेली दोन चित्रं सारख्याच वजनाची आहेत, त्यामुळे साखळीतला प्रत्येक बंध अर्धा एकेरी आणि अर्धा दुहेरी होतो. स्फटिकांच्या रचनेतही या बंधांच्या लांब्या जवळपास सारख्या मिळतात. कॅरोटिनला असं दुसरं चित्र नाही. त्यात दुहेरी बंध आखूड, साधारण ०.१३५, आणि एकेरी लांब, ०.१४५ च्या आसपास. एक आड एक. दुहेरी बंधापाशी इलेक्ट्रॉनला ऊर्जा कमी लागते, एकेरीपाशी जास्त. तळावर लाटा आहेत म्हणा.

आता यातली खरी गंमत. कॅरोटिनमध्ये शेवटची भरलेली पातळी अकरावी. तिच्या तरंगाला ११ फुगे असतात आणि साखळीत दुहेरी बंधही ११ आहेत. प्रत्येक फुगा एकेका दुहेरी बंधावर, म्हणजे तळाच्या खळग्यात, बसतो. म्हणून ही पातळी खाली जाते. पुढची रिकामी पातळी बारावी, तिला १२ फुगे. ते बसतात १० एकेरी बंधांवर आणि दोन टोकांवर, म्हणजे लाटांच्या माथ्यावर. ही पातळी वर जाते. नेमक्या ज्या दोन पातळ्यांमध्ये उडी आहे त्याच एकमेकींपासून लांब ढकलल्या जातात. म्हणून ऊर्जा जास्त लागते आणि तरंगलांबी डब्याच्या हिशोबापेक्षा खूप कमी येते.

हान्स कून यांनी १९४९ च्या सुमारास याच मॉडेलमध्ये यासाठी एक पद घातलं:

```
ΔE = h² (N + 1) / (8 m L²) + V0 (1 − 1/N)
```

कॅरोटिनसाठी १४८६ नॅनोमीटर म्हणजे ०.८३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रत्यक्षातले ४५० म्हणजे २.७५. फरक १.९२, त्यावरून V0 येतो साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्ट. उडीचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग डब्यातून येतच नाही, तळाच्या लाटांतून येतो!

---

निमिष_अलकापुरी

काका, फुगे दुहेरी बंधांवर बसतात हे फार छान. पण एक शंका. V0 तुम्ही कॅरोटिनवरूनच काढला आणि कॅरोटिनलाच लावला. मग तो जुळणारच. माझा α आणि तुमचा V0 यात फरक काय?

---

जुनी_काच

रास्त प्रश्न. फरक असा की तो दुसऱ्या रेणूवर तपासता येतो. रेटिनॉल घे, म्हणजे अ जीवनसत्त्व. त्याच जातीची साखळी, ५ दुहेरी बंध. N = १०, टोकं धरून ११ बंध, L = १.५४. नुसता डबा ७११ नॅनोमीटर देतो. कॅरोटिनचा V0 काही न बदलता घातला तर ३४९ येतं. प्रत्यक्षात इथेनॉलमध्ये ३२५. चोवीसचा फरक राहिला, पण तीनशे शहाऐंशीचा गेला.

दुसरी खूण म्हणजे साखळी वाढवत नेल्यावर काय होतं ते. डब्याचं पद लांबीबरोबर शून्याकडे जातं, V0 तसाच राहतो. म्हणून कॅरोटिनच्या जातीची रंगद्रव्यं कितीही लांब केली तरी २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे ६२० नॅनोमीटरच्या फार पलीकडे जाऊ नयेत. ती खरोखरच थबकतात. सायनाइन थबकत नाहीत. ऋताच्या मालिकेतला पुढचा, ९ कार्बनचा डाय मिथेनॉलमध्ये ७५८ च्या जवळपास शोषतो. दर दोन कार्बनमागे साधारण शंभर नॅनोमीटर पुढे. अनोळखी रंगद्रव्याची अशी मालिका हाती आली तर याच चालीवरून तळ सपाट आहे की लाटांचा ते ओळखता येतं.

---

ऋता_बडोदे

काका, मनःपूर्वक आभार. मी बारावा तरंग कागदावर काढून बघितला, टोकाचे दोन फुगे सोडले तर खरंच प्रत्येक फुगा एकेरी बंधावर येतो.

आता डायकडे वळते. निमिषचा α प्रत्येक डायसाठी वेगळा काढला. ३ कार्बनला ०.८२, ५ ला ०.८६, ७ ला ०.६१. काकांनी दिलेला ७५८ घेऊन ९ ला ०.४४. टोकाचं कडं चौघांचं तेच आहे, मग इलेक्ट्रॉनचं त्यात शिरणं कमी कमी का व्हावं?

---

सुरसागर_संध्याकाळ

मी गणकीय रसायनशास्त्रात काम करते. α ला 'टोकात शिरण्याचं अंतर' समजणं मला पटत नाही. डब्यात जे जे मावलं नाही ते सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं आहे. गंधक, बेन्झीनचं कडं, आणि इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणं, ज्याचा आपल्या सूत्रात पत्ताच नाही.

पडताळा देते. बेन्झोथायाझोलच्या जागी क्विनोलिन लावलेली २,२' मालिका आहे. नायट्रोजनमध्ये तेच ३, ५, ७ कार्बन, N तोच, L तोच. डब्याच्या दृष्टीने हे तेच रेणू. पण शोषण ५२४, ६०५ आणि ७०७. पहिल्या जोडीत शंभराचा फरक! डब्याला कड्याबद्दल काहीच ठाऊक नाही. इथे α येतो १.५९, १.२५, १.०५. पुन्हा घसरता.

---

निमिष_अलकापुरी

दोन्ही मालिकांत घसरतो हे मला फार महत्त्वाचं वाटतंय. म्हणजे दोष टोकात नाही, चालीत आहे. बघा, शुद्ध डबा ३२८, ४५३, ५७९ देतो, म्हणजे दर दोन कार्बनमागे सव्वाशे. खरी चाल शंभराच्या आसपास. डबा जरा जास्तच भराभर वाढतोय, आणि α घसरून ते सावरतोय.

चाल ठरते बंधाच्या लांबीच्या वर्गावरून. समजा ०.१३९ च्या जागी ०.१२३ घेतलं. कारण साखळी नागमोडी आहे. बंध ०.१३९ चा असला तरी सरळ रेषेत एका अणूवरून पुढच्यावर जाताना अंतर ०.१२३ च पडतं. सूत्रातला ६३.७ मग ४९.९ होतो. त्यावरून नवीन α:

थाया मालिका: १.७०, २.०१, १.९९, २.०५.
क्विनोलिन मालिका: २.५७, २.४५, २.४८.

थाया मालिकेतला सगळ्यात छोटा डाय सोडला तर दोन्हीकडे α स्थिर! एका कड्याला २, दुसऱ्याला २.५.

---

ऋता_बडोदे

मी पुन्हा करून पाहिलं, आकडे बरोबर आहेत. मला हे अपेक्षित नव्हतं.

---

सुरसागर_संध्याकाळ

निमिष, जुळणी सुंदर आहे, नाकारत नाही. पण α = २ म्हणजे काय ते बघ. टोकांना आधीच दिलेला एकेक बंध, त्यावर आणखी एकेक. क्विनोलिनला त्याहून जास्त. पाय रोवायला जागा नसलेल्या लांबीला आपण अर्थ देत चाललोय. आणि दोन आकडे मोकळे ठेवून सात शिखरं जुळवली आहेत. तुझा ०.१२३ हा नागमोडीचा आकडा नसून इलेक्ट्रॉनांच्या परस्पर ढकलण्याचा परिणाम असू शकतो, आणि योगायोगाने तेवढाच येत असेल.

---

जुनी_काच

मी दोघांच्या मधे उभा आहे. निमिषने ०.१२३ जुळवून काढला नाही, भूमितीतून आणला, त्यामुळे प्रत्यक्षात मोकळा आकडा प्रत्येक कड्यामागे एकच उरतो. ही गोष्ट त्याच्या बाजूने आहे. विरोधात हे, की इलेक्ट्रॉन बंधांच्या वाटेने जातो, अणूवरून अणूवर हवेतून उडी मारत नाही. गतिज ऊर्जा सरळ अंतरावर का मोजावी याचं कारण मला देता येत नाही. आणि ३ कार्बनचा थाया डाय बाजूला का पडतो हेही राहिलंच. क्विनोलिनमध्ये तोच ३ वाला मुकाट्याने रांगेत बसलाय.

तपासायचं तर ४,४' मालिका घ्या. त्यात नायट्रोजन कड्याच्या दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे वाट कड्याच्या आतूनच जाते. क्रिप्टोसायनाइनमध्ये नायट्रोजन ते नायट्रोजन ९ कार्बन आणि शिखर ७०६ च्या आसपास. जुन्या ०.१३९ ने तिथे α जवळजवळ शून्य येतो. म्हणजे डबा जसाच्या तसा लागू! नव्या लांबीने किती येतो ते तुम्ही काढा.

---

निमिष_अलकापुरी

१.५६ आला. दोनही नाही, अडीचही नाही. पण तिथे कडं टोकाला नसून वाटेतच आहे, तेव्हा α वेगळा असणं साहजिक. याच मालिकेतला ७ कार्बनचा डायही १.५६ च्या जवळ आला तर मी माझ्या मतावर ठाम राहीन.

---

सुरसागर_संध्याकाळ

त्याचं शिखर ५९० च्या आसपास असतं. ४९.९ ने α १.४० येतो. जवळ म्हणायचं की नाही ते तू ठरव, मी म्हणणार नाही. जुन्या लांबीने मात्र ०.०९ आणि ०.००, म्हणजे या मालिकेत तुझ्या दुरुस्तीची गरजच दिसत नाही.

---

रंगारी_मांडवी

गणित सगळं कळलं नाही, पण टोकाचं कडं बदललं की शंभराने रंग सरकतो हे कळलं. आमच्याकडेही रंगाच्या एकाच जातीत नुसती टोकं बदलून पिवळ्याचा नारिंगी करतात असं रंगवाले सांगतात. ऋताताई, त्या तीन बाटल्यांचा फोटो टाका ना इथे.

---

ऋता_बडोदे

टाकते काका, सोमवारी लॅब उघडली की. आणि शेल्फवर क्विनोलिनवाला ५ कार्बनचा डायही आहे, पिनासायनॉल. तो आणि थायाकार्बोसायनाइन एकाच दिवशी, एकाच मिथेनॉलमध्ये मोजते, म्हणजे ५५६ आणि ६०५ मधला फरक तरी एकाच यंत्रावरचा मिळेल.